मंद, मध्यम, मोठा गॅस: आपल्या शेगडीची आच कशी ओळखायची आणि कधी बदलायची

पाककृतीत ‘मध्यम आचेवर पाच मिनिटं परता’ असं लिहिलेलं असतं. करणारा नॉब ‘बंद’ आणि ‘पूर्ण’ यांच्या मध्ये कुठेतरी आणून ठेवतो. मग कधी कांदा तीन मिनिटांत कडेने काळा पडतो, तर कधी दहा मिनिटं झाली तरी पांढराच राहून पाणी सोडत बसतो. अशा वेळी बहुधा दोन चुका एकत्र झालेल्या असतात. नॉब चुकीच्या बाजूला थांबवलेला असतो आणि आच बदलायला उशीर झालेला असतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत: आधी शेगडी, मग नॉब, मग भांडं, आणि शेवटी स्वयंपाक. पहिले चार टप्पे एकदाच करायचे आहेत, एखाद्या सुट्टीच्या सकाळी उरकतात.

हे सगळं सिलिंडरवर किंवा पाइपच्या गॅसवर चालणाऱ्या घरगुती शेगडीसाठी आहे. इंडक्शनला यातला पाण्याचा भाग लागू पडतो, ज्योतीचा नाही.

## टप्पा १: ज्योत आधी निरोगी करा

बर्नरची अर्धी भोकं बुजलेली असतील तर ‘मोठा गॅस’ हा फक्त एका बाजूला मोठा असतो. पोळी एकीकडे करपते आणि दुसरीकडे कच्ची राहते ती यामुळेच. तेव्हा आच मोजण्याआधी बर्नर स्वच्छ हवा.

शेगडी पूर्ण थंड झाल्यावर रेग्युलेटर बंद करा आणि बर्नरची वरची पितळी टोपी उचलून काढा. गरम पाण्यात भांडी घासायचा साबण घालून ती अर्धा तास भिजू द्या, मग जुन्या टूथब्रशने घासा. भोकांतली घाण टाचणीने किंवा सुईने मोकळी करा. सुई हलक्या हाताने आत-बाहेर करायची, गोल फिरवून भोक मोठं करायचं नाही. एक भोक मोठं झालं की तिथली ज्योत कायमची लांब होते.

टोपी पुन्हा बसवण्याआधी ती पूर्ण कोरडी हवी. ओली टोपी लावली तर ज्योत फडफडते, नारिंगी दिसते, आणि लोकांना वाटतं की साफ करून बिघडली. टोपी खाचेत नीट बसली आहे ना हे बोटाने हलवून बघा. जरा जरी तिरकी राहिली तरी फटीतून एका बाजूने जास्त ज्योत निघते.

तपासणी: स्वयंपाकघरातला दिवा मालवा आणि गॅस मोठा लावा. ज्योत निळी हवी. प्रत्येक भोकावर आतला गडद निळा छोटा सुळका आणि त्याच्याभोवती फिकट निळी बाहेरची ज्योत, असे दोन थर वेगळे दिसले पाहिजेत. चिमूटभर मीठ किंवा पीठ ज्योतीत पडलं तर क्षणभर पिवळी लकेर उठते, तिची काळजी नको. पण ज्योतीची टोकं सतत पिवळी राहत असतील आणि पातेल्याचा तळ काळा पडत असेल तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. बर्नरच्या नळीत धूळ, जाळी-जळमटं किंवा उतू गेलेल्या दुधाचं खरकटं बसलेलं असतं. टोपी धुऊनही फरक पडला नाही तर मेकॅनिक बोलवा. पिवळ्या ज्योतीवर पुढचे टप्पे करण्यात अर्थ नाही, कारण तिची उष्णता कमी आणि काजळी जास्त.

याउलट ज्योत भोकांपासून सुटून वर उचलल्यासारखी दिसत असेल आणि फरफर आवाज येत असेल, तर हवा जास्त होते आहे. तेही मेकॅनिकचंच काम.

## टप्पा २: नॉबची वाट समजून घ्या

सर्वात जास्त घोळ इथे होतो. पाण्याच्या नळासारखं ‘थोडं फिरवलं की थोडं, जास्त फिरवलं की जास्त’ असं गॅसच्या नॉबचं नसतं.

आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांमध्ये नॉब दाबून डावीकडे फिरवला की पाव फेरीत, म्हणजे काटकोनात, गॅस पूर्ण होतो. तसाच पुढे फिरवत गेलात तर ज्योत लहान होत जाते, आणि नॉब जिथे अडतो तिथे सिम. म्हणजे क्रम असा आहे: बंद, पूर्ण, मध्यम, सिम. मध्यम आच पूर्ण आणि सिम यांच्या मध्ये असते. बंद आणि पूर्ण यांच्या मध्ये नसते.

ज्योत तिथेही लहान होते, मग फरक काय? फरक नॉबमागच्या कॉकच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या झडपेच्या आत आहे. सिमसाठी कॉकमध्ये वेगळं बारीक छिद्र असतं. नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी तेवढा गॅस येतच राहतो, त्यामुळे ज्योत एका मर्यादेखाली जात नाही. ‘बंद’च्या बाजूला असा आधार नाही. तिथे नॉब केसभर हलला तरी ज्योत विझायच्या बेताला येते. साडीचा पदर लागला, भांडं ठेवताना धक्का बसला, खिडकीतून झुळूक आली, की विझली. विझलेल्या बर्नरमधून गॅस मात्र येत राहतो.

इशारा: गॅस बारीक करायचा तर नॉब नेहमी सिमच्या बाजूनेच फिरवा, ‘बंद’कडे मागे आणून बारीक करू नका. काही हॉबवर खुणांचा क्रम वेगळा असू शकतो, म्हणून पहिल्यांदा वापरताना नॉबशेजारच्या छोट्या-मोठ्या ज्योतीच्या खुणा बघून घ्या.

तपासणी: रिकामा बर्नर लावून नॉब पूर्णवरून सिमपर्यंत अगदी सावकाश न्या, पाच-सहा सेकंद लावा. ज्योत सलग लहान होत गेली पाहिजे. मध्येच विझली, किंवा सिमवर अर्ध्याच भोकांवर राहिली, तर सिमचं छिद्र बुजलं आहे. नॉब अडखळत फिरत असेल तर आतलं ग्रीस वाळलं आहे. दोन्ही कामं दुरुस्तीवाला थोड्या वेळात करतो. घरी कॉक उघडू नका.

## टप्पा ३: भांडं आणि बर्नर यांची जोडी लावा

मोठी ज्योत म्हणजे जास्त उष्णता, पण ती भांड्याच्या तळाला मिळाली तरच. ज्योत तळ ओलांडून बाजूंनी वर चढली की तो गॅस भांड्याच्या कडा, मूठ आणि तुमचा हात तापवतो. आमटी कडेला वाळून चिकटते ती इथेच, आणि नंतर घासायला सगळ्यात कठीण तोच पट्टा असतो.

म्हणून आपल्या भांड्यासाठी ‘मोठा’ किती हे भांडंच ठरवतं. ज्योतीची टोकं तळाच्या कडेच्या आत, बोटभर अलीकडे संपली पाहिजेत. फोडणीच्या कढल्यासाठी लहान बर्नरची मध्यम ज्योत हीच कमाल समजा. दहा माणसांच्या पातेल्याला मात्र मोठा बर्नर पूर्ण लावला तरी चालेल.

तळाची जाडीही आधीच माहीत असू द्या. पातळ ॲल्युमिनियमचं पातेलं लगेच तापतं आणि गॅस कमी केला की लगेच निवतं. बिडाचा तवा, लोखंडी कढई किंवा जाड तळाचं स्टीलचं भांडं तापायला दोन-तीन मिनिटं घेतं, आणि गॅस कमी केल्यावरही मिनिटभर तसंच तापलेलं राहतं. सगळ्यात फसवं भांडं म्हणजे एकेरी पातळ स्टीलचं. स्टीलमध्ये उष्णता नीट पसरत नाही, त्यामुळे ज्योतीच्या वर्तुळाच्या आकाराचं डागाळलेलं कडं तळावर उमटतं आणि पदार्थ नेमका त्या कड्यावर लागतो. असं भांडं मध्यमच्या वर नेऊच नये.

## टप्पा ४: पाण्यावर तिन्ही आचा मोजा

प्रत्येक शेगडी वेगळी, त्यामुळे ‘मध्यम’ची सार्वत्रिक खूण नाही. ती आपली आपण काढावी लागते. त्यासाठी लागतं रोजच्या वापरातलं सपाट तळाचं झाकणाचं पातेलं, १ लिटर नळाचं पाणी आणि मोबाइलमधलं घड्याळ. पंखा बंद ठेवा.

१. मोठी आच. थंड पातेल्यात १ लिटर पाणी घाला, झाकण ठेवा, मोठा बर्नर टप्पा ३ प्रमाणे लावा आणि वेळ सुरू करा. पाण्याला खळखळून उकळी आली की वेळ लिहून ठेवा. बहुतेक घरांत तो चार ते सात मिनिटांच्या आसपास येईल. समजा, पाच मिनिटं आला.

२. मध्यम आच. पातेलं पूर्ण थंड करून ताजं पाणी घ्या. गरम पातेल्यात मोजलं तर आकडा खोटा येतो. आता नॉब पूर्णवरून सिमकडे अर्ध्या वाटेवर आणा आणि पुन्हा वेळ मोजा. दुप्पट किंवा किंचित जास्त, म्हणजे आपल्या उदाहरणात दहा-अकरा मिनिटं लागली, तर ती तुमची मध्यम आच. सात मिनिटांत उकळलं तर नॉब अजून सिमकडे न्यायला हवा, पंधरा लागली तर पूर्णकडे. दोन-तीन प्रयत्नांत जागा सापडते.

३. मंद आच. उकळलेल्या पाण्याखालचा नॉब सिमवर आणा, झाकण राहू द्या आणि तीन मिनिटांनी उघडून बघा. तळातून बारीक बुडबुडे सुटत असतील आणि पाणी कडेला जेमतेम हलत असेल तर सिम बरोबर आहे. अजूनही खळखळत असेल तर तुमच्या मोठ्या बर्नरचा सिम मंद नाही. खीर, पुरण, बासुंदी यांसाठी लहान बर्नरचा सिम वापरा, किंवा पातेल्याखाली जुना लोखंडी तवा ठेवा.

मध्यमची जागा सापडली की नॉबच्या कडेवर आणि समोरच्या पट्टीवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावा. दोन ठिपके समोरासमोर आले की मध्यम. घरात तीन माणसं आलटून-पालटून स्वयंपाक करत असतील तर हा ठिपका फार वाद वाचवतो.

इशारा: सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर गेलात की ही मोजणी पुन्हा करा. दोन्ही गॅस वेगळे, त्यांचा दाबही वेगळा. पाइपच्या गॅसला मोठ्या भोकाचा जेट लागतो आणि तो कंपनीचा माणूस जोडणीच्या वेळी बदलतो. जेट न बदलता शेगडी जोडून बघू नका. शिवाय सिलिंडर संपत आला की मोठी आचही दमते. तेव्हा एखाद्या दिवशी सगळंच उशिरा शिजायला लागलं तर आधी सिलिंडर बघा.

## टप्पा ५: आच बदलण्याची वेळ पाणी सांगतं

आता मुख्य गोष्ट. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर आतलं तापमान साधारण १०० अंशांवर अडकून राहतं. गॅस कितीही मोठा केला तरी पाणी त्याहून गरम होत नाही, फक्त वाफ जास्त वेगाने निघते. म्हणून रस्सा खळखळ उकळतोय की हलकेच उकळतोय, बटाटा शिजायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. उकळी आल्यावर मोठा गॅस चालू ठेवणं म्हणजे नुसतं पाणी आटवणं. आटवायचंच असेल तर गोष्ट वेगळी.

पाणी संपलं की मात्र तापमान झपाट्याने चढतं. परतलेला कांदा, तळाचा भात, रश्शातला मसाला हे सगळं त्याच क्षणी लागतं. तेव्हा नियम सोपा ठेवा: पाणी भरपूर असताना मोठा, कमी होताना मध्यम, संपत आलं की मंद.

पाणी संपत आलं हे कानाला आधी कळतं. ओला कांदा तेलात पडला की जाड, भरीव ‘चर्र’ येतो. पाणी आटत गेलं की तोच आवाज बारीक आणि कोरडा होतो, तडतड जाणवते. आवाज बदलला की लगेच नॉब फिरवा. वास येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

पातेल्यातल्या भातावर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालून मोठ्या गॅसवर उकळी आणा. उकळी आली की मध्यम. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि भातावर वाफेची छोटी छोटी भोकं पडली की सिम करून घट्ट झाकण ठेवा. आठ-दहा मिनिटांनी बंद, आणि पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही. भोकं पडायच्या आधीच सिम केलं तर वरचा भात ओला गिच्च राहतो. भोकं पडल्यावरही मध्यम राहिला तर तळाची खरपुडी होते.

एक अपवाद लक्षात ठेवा. पिठलं, पुरण, खीर, शिरा यांसारख्या दाट पदार्थांत पाणी असूनही ते हलत नाही. तळाचा थर तिथल्या तिथे कोरडा होऊन लागतो. हे पदार्थ दाट व्हायला लागले की पाणी शिल्लक असलं तरी मंद आचेवर आणायचे आणि हात थांबवायचा नाही. पिठलं ‘पचपच’ असा आवाज करून मोठे बुडबुडे फोडायला लागलं म्हणजे आच त्याला जास्त होते आहे.

आणि जाड भांड्यात हे सगळं मिनिटभर आधी करायचं. बिडाच्या कढईत कांदा हवा त्या रंगावर आल्यावर गॅस कमी केलात तर तो आणखी दोन छटा पुढे जाणार. हवा त्या रंगाच्या एक छटा अलीकडे असतानाच नॉब सिमवर न्यायचा. पातळ पातेल्याला ही घाई लागत नाही.

## टप्पा ६: एक पदार्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कांदेपोहे

कांदेपोहे घ्यायचं कारण असं की पंधरा मिनिटांत आच सात-आठ वेळा बदलावी लागते आणि प्रत्येक चूक ताटलीत दिसते. प्रमाण चार माणसांचं: ३ वाट्या जाडे पोहे, २ मध्यम कांदे, ३ मोठे चमचे तेल, मूठभर शेंगदाणे, ४ हिरव्या मिरच्या, मोहरी, हिंग, कढीपत्ता, अर्धा चमचा हळद, मीठ, साखर.

गॅस लावण्याआधी सगळं चिरून, काढून शेगडीशेजारी मांडा. पोहे चाळणीत घेऊन पाण्याखाली धरा, निथळा आणि दहा मिनिटं ठेवा. फोडणी तडतडत असताना कांदा चिरायला घेणं हे मोहरी करपण्याचं पहिलं कारण आहे. त्यावर गॅस बारीक करून भागत नाही, तेल तापलेलंच असतं.

मध्यम. कढई मध्यम आचेवर मिनिटभर तापवा, तेल घाला. तेल पातळ होऊन चमकायला लागलं की मोहरीचे दोन दाणे टाका. दाणे तळाला गप्प बसले तर तेल कच्चं आहे, थांबा. दोन-तीन सेकंदांत तडतडले तर बरोबर. पडताक्षणी काळे झाले किंवा तेलातून धूर दिसला तर गॅस बंद करा आणि कढई मिनिटभर बाजूला उतरवा. अशा तेलात थंड तेल ओतून वेळ मारून नेऊ नका, धुराचा वास पोह्यांत उतरतो.

मंद. आधी शेंगदाणे सिमवर तळून काढा. मोठ्या गॅसवर साल काळी पडते आणि आत दाणा कच्चा राहतो. साल तडकायला लागली की बाहेर.

पुन्हा मध्यम, मग लगेच मंद. मोहरी घाला. तडतड जोरात सुरू होऊन ओसरायला लागली की नॉब सिमवर. मगच हिंग, मिरच्या, कढीपत्ता. कढीपत्ता धुतलेला असेल तर नीट पुसून घ्या. तापलेल्या तेलात पाण्याचे थेंब पडले की तेल उडतं, आणि त्यात गॅसचा काही दोष नसतो.

मोठा. कांदा घाला आणि नॉब पूर्णवर न्या. इथे बरेच जण घाबरून मंदच ठेवतात आणि तीच चूक आहे. दोन कांद्यांमध्ये बरंच पाणी असतं, ते पडताच तेल एकदम निवतं. मंद आचेवर कांदा परतला न जाता स्वतःच्या पाण्यात शिजतो आणि लगदा होतो. मोठ्या गॅसवर दीड-दोन मिनिटं सतत हलवा.

मध्यम. ‘चर्र’ बारीक झाला की मध्यम करा आणि कांदा पारदर्शक होईपर्यंत तीन-चार मिनिटं परता. पोह्यांना कांदा गुलाबी-पारदर्शकच हवा. तपकिरी झाला तर तो उपीटाला शोभेल, पोह्यांना नाही.

मंद. सिम करून हळद घाला, दहा-पंधरा सेकंद हलवा. तापलेल्या तेलात हळद फार लवकर करपते आणि मग पोहे पिवळे न होता मातकट दिसतात, कडवटही लागतात. लगेच पोहे, मीठ, साखर आणि दाणे घाला.

मध्यम मिनिटभर, मग झाकण ठेवून मंद. पोहे खालून वर हलवत मिनिटभर परता, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, सिमवर तीन मिनिटं. मग बंद करून दोन मिनिटं तसंच.

तपासणी: झाकण उचलल्यावर आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळले पाहिजेत आणि पोहे मऊ पण सुटे हवेत. झाकण कोरडं असेल तर वाफ धरली नाही, आणखी एक हबका आणि दोन मिनिटं. पोहे वातड झाले असतील तर पोहे घातल्यानंतर गॅस मोठा राहिला आणि दाण्यातलं पाणी उडून गेलं. पुढच्या वेळी तिथे नॉब बघा.

## टप्पा ७: तव्याला वेगळा हिशोब

तव्यावर पाण्याचा आधार नाही, त्यामुळे टप्पा ५ चा नियम इथे चालत नाही. तवा साठवलेल्या उष्णतेवर काम करतो. तो आधी मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्या, मग बोटांनी पाण्याचे थेंब शिंपडा. थेंब पसरून संथ उकळत राहिले तर तवा कच्चा. ‘चुर्र’ करून सेकंदा-दोन सेकंदांत उडाले तर पोळी टाका. थेंबांच्या गोळ्या होऊन त्या तव्यावर पळायला लागल्या तर तवा फार तापला. गोळ्यांखाली वाफेचा थर तयार होतो म्हणून त्या लगेच आटत नाहीत, आणि त्यामुळे काहींना उलट वाटतं की तवा अजून थंडच आहे.

पहिल्या पोळीला गॅस मध्यमच्या जरा वर ठेवा. तिसऱ्या-चौथ्या पोळीपर्यंत तवा स्वतःच इतका तापलेला असतो की नॉब ठिपक्यावर किंवा त्याच्याही खाली आणावा लागतो. पुढची पोळी लाटायला वेळ लागत असेल तर तोवर सिम. परत तापायला वीस-तीस सेकंद पुरतात.

पोळी कडक झाली की लोक गॅस आणखी कमी करतात आणि ती आणखी कडक होते. मंद तव्यावर पोळी फुगत नाही, बराच वेळ पडून राहते आणि तेवढ्यात तिच्यातलं पाणी निघून जातं. कडक पण डाग नसलेली पोळी म्हणजे आच कमी. मऊ पण काळे डाग पडलेली म्हणजे आच जास्त. पुरणपोळी मात्र मध्यमच्या खालीच ठेवा, पुरणातला गूळ फुटून तव्यावर आला की लगेच करपतो.

## टप्पा ८: कुकर

मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी होईपर्यंतच थांबायचं. तेव्हा आत पूर्ण दाब तयार झालेला असतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास असतं. त्यापुढे मोठ्या गॅसने आतलं काही लवकर शिजत नाही, जास्तीची वाफ शिट्टीवाटे बाहेर जाते आणि डाळीचं पाणी ओट्यावर येतं. पहिल्या शिट्टीनंतर सिम करा आणि शिट्ट्या मोजण्याऐवजी मिनिटं मोजा. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला सिमवर आठ-दहा मिनिटं पुरतात.

सिमवरही मिनिटा-मिनिटाला शिट्टी होत असेल तर कुकर लहान बर्नरवर हलवा. शिट्टीच्या बुडाशी वाफेची जराही फुसफुस नसेल आणि डाळ दर वेळी कच्ची राहत असेल, तर दाब टिकत नाही. गॅस मोठा करण्याआधी रबरी रिंग तपासा.

## ज्योत विझली तर

उतू गेलेलं दूध, जोराचा पंखा, उघडी खिडकी ही सिमची ज्योत विझण्याची नेहमीची कारणं. म्हणून सिमवर काही ठेवून स्वयंपाकघराबाहेर गेलात तर दर पाच मिनिटांनी डोळ्यांनी ज्योत बघून या, कुकर शांत आहे यावर विसंबू नका.

विझलेली दिसली की लायटरला हात लावण्याआधी नॉब बंद करा आणि काही मिनिटं हवा खेळू द्या. वास भरून राहिला असेल तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा. दिव्याचं किंवा पंख्याचं कुठलंही बटण दाबू नका, चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो ओट्याखाली आणि फरशीलगत साठतो. त्यामुळे वरची खिडकी उघडी असली तरी खालून वाट मिळावी म्हणून दार उघडावंच लागतं. वास जात नसेल तर घराबाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पाइपचा गॅस असेल तर बिलावर छापलेल्या आणीबाणीच्या क्रमांकावर.